कन्नड पोस्टरचा फोटो आला, आता मैफलीची तारीख-वेळ नेमकी कशी काढायची?

मिरज, कोल्हापूर, सांगली, सोलापूर या पट्ट्यातल्या गाणं ऐकणाऱ्यांना धारवाड-हुबळी परकं नाही. सवाई गंधर्वांचं कुंदगोळ, भीमसेनजींचं गदग, मल्लिकार्जुन मन्सूरांचं धारवाड ही आमच्यासाठी रात्रीच्या गाडीने गाठायची ठिकाणं. हिवाळा लागला की व्हॉट्सअ‍ॅपवर तिकडच्या मैफलींच्या पोस्टरांचे फोटो फिरू लागतात. बहुतेक पोस्टरं कन्नडमध्ये, फोटो तिरके, आणि खाली कुणीतरी विचारलेलं असतं, ‘कधी आहे? तिकीट आहे का?’

बरीच वर्षं आमच्या गटासाठी हे काम मी करतो. सुरुवातीला मी भाषांतर वाचायचो आणि तेच पुढे पाठवायचो. एकदा त्या भरवशावर चौघं धारवाडला गेलो आणि दारावरून परत आलो. पोस्टरवर ‘आमंत्रितरिगे मात्र’ असं होतं. घाईत मी ‘मात्र’ हा शब्द मराठी कानाने वाचला, ‘आमंत्रितांना मात्र’ काहीतरी वेगळी सोय असेल असं समजलो. कन्नडमध्ये ‘मात्र’ म्हणजे ‘फक्त’. कार्यक्रम फक्त आमंत्रितांसाठी होता. तेव्हापासून मी एक नियम पाळतो: मूळ शब्द देवनागरीत उतरवल्याशिवाय त्याचा अर्थ लिहायचा नाही, आणि अर्थ लिहिल्यावरही मूळ शब्द पुसायचा नाही.

आधी फोटो

पोस्टरसमोर तुम्ही स्वतः उभे असाल तर एका फोटोवर थांबू नका. एक पूर्ण पोस्टरचा, समोरून, आणि दुसरा खालच्या पट्टीचा, जवळून. तारीख आणि कलाकारांची नावं मोठ्या अक्षरात असतात, ती कशाही फोटोत वाचता येतात. अटी मात्र जवळजवळ नेहमी तळाशी, बारीक अक्षरात, ‘सूचने’ या शब्दाखाली असतात. फ्लेक्सवर फ्लॅश पडला की नेमका मधला मजकूर पांढरा होतो, म्हणून फ्लॅश बंद ठेवा.

पोस्टरवर वरून चिकटवलेली पट्टी असेल तर तिचा वेगळा फोटो घ्या. ‘मुंदूडलागिदे’ म्हणजे पुढे ढकललं आहे, ‘रद्दागिदे’ म्हणजे रद्द झालं आहे, ‘स्थळ बदलावणे’ म्हणजे जागा बदलली आहे. यातलं काही दिसलं तर खालचा छापील मजकूर तेवढ्यापुरता बाद.

फोटो दुसऱ्याने पाठवला असेल तर तो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पुन्हा मागवा. साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो व्हॉट्सअ‍ॅप दाबून लहान करतं, आणि बारीक कन्नड अक्षरांची खालची वळणं सगळ्यात आधी पुसट होतात. सोबत एवढंच विचारा: हे पोस्टर कुठे दिसलं आणि कधी? याचं उत्तर पुढे वर्ष ठरवायला लागतं.

मजकूर उतरवून घ्या, भाषांतर नंतर

फोनमधल्या कॅमेरा-भाषांतराचा उपयोग जरूर करा, पण पोस्टरवर थेट चढलेलं भाषांतर वाचू नका. त्यात ओळी एकमेकींत मिसळतात आणि कोणती अट कशाला लागू आहे ते कळेनासं होतं. फोटोतला कन्नड मजकूर निवडून कॉपी करा, ओळीओळीने वेगळा मांडा, मग तो देवनागरीत लिहा. कन्नड लिपी येत नसेल तर लिप्यंतर करणारी साधनं आहेत. आणि महिनाभर रोज थोडा वेळ दिला तर लिपी वाचता येऊ लागते, कारण वर्णमाला आपलीच आहे.

नमुन्यासाठी मी एक पोस्टर इथे रचलं आहे. कार्यक्रम काल्पनिक, पण प्रत्येक ओळ तिकडच्या पोस्टरांवर सर्रास भेटणारी:

अहोरात्रि संगीतोत्सव
दिनांक २६-१२-२०२६, शनिवार
उद्घाटने: संजे ५.३० गंटेगे
संगीत: रात्रि ७ रिंद बेळगिन जाव ४ र वरेगे
स्थळ: समुदाय भवन, कालेजु आवरण, हळे बस निल्दाण हत्तिर, धारवाड
प्रवेश उचित
सूचने: प्रवेश पत्र होंदिदवरिगे मात्र. ५ वर्षदोळगिन मक्कळिगे प्रवेशविल्ल. संजे ५ गंटेयोळगे आसीनरागबेकु. परस्थळदवरिगे वसति व्यवस्थे इदे.

तारीख: वाराशी ताडून बघा

बऱ्याच पोस्टरांवर इंग्रजी अंक असतात, तिथे अडचण नाही. पण सांस्कृतिक कार्यक्रमांच्या पोस्टरांवर कन्नड अंक हौसेने वापरतात. त्यातले २, ३, ४ आपल्या अंकांसारखेच असल्याने पटकन ओळखू येतात. घोटाळा ६ आणि ९ मध्ये होतो. कन्नडमध्ये हे दोन अंक एकमेकांच्या फार जवळचे आहेत, फरक फक्त शेवटच्या शेपटीच्या वळणात. पुसट फोटोत यंत्र एकाच्या जागी दुसरा वाचतं आणि आपल्या डोळ्यालाही खात्री देता येत नाही. दुसरा घोटाळा शून्याचा. कन्नड शून्य आणि कन्नड अनुस्वार दोन्ही गोल टिंबच, त्यामुळे कॉपी केलेल्या मजकुरात १० चा ‘१ं’ झालेला दिसतो. अंकाला अनुस्वार लागलेला दिसला की ते शून्य समजा.

आपल्या नमुन्यात यंत्राने तारीख २९-१२-२०२६ अशी वाचली असं धरा. आता वार बघा. २९ डिसेंबर २०२६ ला मंगळवार येतो, पोस्टरवर शनिवार आहे. २६ तारखेला शनिवार येतो. म्हणजे तो अंक ६ आहे, प्रश्न मिटला. वारांची नावं मराठीसारखीच आहेत, फक्त रविवारला ‘भानुवार’ असंही म्हणतात. उत्तर कर्नाटकात दोन्ही नावं चालतात.

या ताळ्याला दोन मर्यादा आहेत. चूक बरोबर ७ दिवसांची असेल, जसं १ च्या जागी ८, तर वार तोच राहतो आणि काही कळत नाही. दुसरी मर्यादा जास्त फसवी आहे. पोस्टरवर वर्ष छापलेलं नसेल आणि नुसतं ‘डिसेंबर २६, शनिवार’ असेल, तर ते २०२६ चं असू शकतं, तसंच २०२० चं किंवा २०१५ चंही, कारण त्या दोन्ही वर्षी २६ डिसेंबरला शनिवारच होता. जुनी पोस्टरं दरवर्षी नव्याने फिरतात. अशा वेळी पोस्टरवरचा कार्यक्रमाचा क्रमांक शोधा. ‘३०ने वर्षद’ किंवा ‘३०ने पुण्यस्मरणे’ असं काही दिसलं की मागच्या वर्षीच्या पोस्टरवरच्या आकड्याशी ताडून वर्ष ठरवता येतं. तेही नसेल तर वर्षापुढे प्रश्नचिन्ह ठेवा.

काही देवस्थानांच्या पोस्टरांवर फक्त तिथी असते. तिथे मराठी माणसाचं काम सोपं आहे, कारण कर्नाटकातही महिना अमावास्येला संपतो आणि शालिवाहन शकच चालतो. ‘शुद्ध’ तेच, ‘बहुळ’ म्हणजे आपला वद्य पक्ष. आपलं पंचांग उघडा. पण तिथी दोन दिवसांत विभागलेली असेल तर स्वतः निर्णय न घेता नोंद करा.

वेळ: ‘रात्री’ची तारीख कुठली?

वेळेचे शब्द थोडेच आहेत. ‘बेळिग्गे’ सकाळ, ‘मध्याह्न’ दुपार, ‘संजे’ संध्याकाळ, ‘रात्रि’ रात्र, आणि ‘बेळगिन जाव’ म्हणजे पहाटेचा प्रहर. ‘रिंद’ म्हणजे पासून, ‘वरेगे’ म्हणजे पर्यंत. ‘सरियागि’ म्हणजे बरोबर त्या वेळेला.

‘अहोरात्रि’ या शब्दाने मराठी वाचक चोवीस तासांचा कार्यक्रम समजतो. मैफलीच्या पोस्टरवर त्याचा अर्थ रात्रभर चालणारा एवढाच. आपल्या नमुन्यात तो रात्री ७ ते पहाटे ४ आहे. आता मुख्य मुद्दा: ही पहाट २७ डिसेंबरची आहे, रविवारची. पोस्टरवर २७ हा आकडा कुठेच नाही. हुबळी-मिरज मार्गाच्या परतीच्या गाडीचं आरक्षण कुणी २६ चं करून बसलं तर गाडी कार्यक्रमाआधीच निघून जाईल. म्हणून मी पाठवताना दोन्ही तारखा वारासकट लिहितो, जरी पोस्टरने एकच दिली असली तरी. पोस्टरवर ‘रात्रि १२.३०’ असं सुटं लिहिलेलं असेल तर ती छापलेल्या तारखेच्या रात्रीनंतरची वेळ धरतात हे खरं, पण ती नोंद मी अनुमान म्हणूनच करतो.

वेळा तीन आहेत हेही बघा: ५ वाजता आसनस्थ व्हायचं, ५.३० ला उद्घाटन, ७ ला गाणं. यंत्र ‘५ गंटेयोळगे’चं भाषांतर ‘५ वाजण्याच्या आत’ असं नीट करतं, तर कधी ‘५ तासांच्या आत’ असं काहीतरी करतं, कारण ‘गंटे’ म्हणजे तासही आणि वाजणंही. ‘ओळगे’ म्हणजे आत, त्यापूर्वी. पुढे ‘आसीनरागबेकु’ आहे, म्हणजे बसलेलं असलं पाहिजे. यातून एक खरा प्रश्न उरतो: फक्त गाणं ऐकायला ७ ला येणाऱ्याला आत घेतील का? पोस्टर ते सांगत नाही. ही संदिग्धता आहे आणि ती तशीच लिहायची.

स्थळ: नाव भाषांतरित करायचं नाही

सभागृहाच्या नावाचं भाषांतर झालं की ते नकाशावर सापडत नाही. ‘समुदाय भवन’चं यंत्र ‘सामाजिक इमारत’ करतं, आणि ‘रंगमंदिर’ वाचून कुणी देऊळ शोधत बसतं. ते नाट्यगृह असतं, आणि ‘बयलु रंगमंदिर’ असेल तर उघड्यावरचं नाट्यगृह. डिसेंबरच्या रात्री शाल घ्यायची की नाही हे त्या एका ‘बयलु’वर ठरतं.

नाव जसंच्या तसं ठेवा, खुणांचं मात्र भाषांतर करा. इथे मराठी वाचकाला चकवणारे दोन शब्द वारंवार येतात. ‘आवरण’ म्हणजे वेष्टन नव्हे, परिसर: ‘कालेजु आवरण’ म्हणजे कॉलेजच्या आवारात. ‘वृत्त’ म्हणजे बातमी नव्हे, चौक. उरलेल्या खुणा सोप्या: ‘हत्तिर’ जवळ, ‘एदुरु’ समोर, ‘हिंभाग’ मागे, ‘पक्क’ शेजारी, ‘हळे’ जुना, ‘होस’ नवा. ‘हळे बस निल्दाण’ म्हणजे जुना बस स्टँड. हा ‘हळे’ गाळला तर माणूस दुसऱ्याच स्टँडवर उतरतो.

शेवटचा शब्द गावाचा. हुबळी आणि धारवाड ही जुळी शहरं म्हणून ओळखली जातात, पण दोन शहरांत साधारण २० किलोमीटरचं अंतर आहे. ‘समुदाय भवन’सारखी सर्वसाधारण नावं दोन्हीकडे आढळतात. पोस्टर स्थानिकांसाठी असेल तर गावाचं नाव छापायचं कुणाला सुचतही नाही. तेव्हा फोटो कुठे काढला हे आधीच विचारलेलं उपयोगी पडतं, पण तोही पुरावा नव्हे, कारण धारवाडच्या कार्यक्रमाचं पोस्टर हुबळीतही लागतं. गाव छापलेलं नसेल तर ‘गाव: नक्की नाही’ असं लिहा.

प्रवेशाच्या अटी: शेवटची दोन अक्षरं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. ‘प्रवेश उचित’ वाचून मराठी डोळा ‘योग्य’ म्हणतो. कन्नडमध्ये ‘उचित’ म्हणजे मोफत. यंत्र हे बहुधा बरोबर सांगतं, गडबड आपण करतो, विशेषतः लिपी थोडीशी येऊ लागली की. तसंच ‘निषेध’. आपल्याकडे निषेध व्यक्त करतात, तिकडे ‘मोबैल निषेधिसलागिदे’ म्हणजे मोबाइलला मनाई केली आहे.

कन्नडमध्ये वाक्याचा होकार-नकार क्रियापदाच्या शेपटीला लागतो, आणि ती शेपटी नेमकी ओळीच्या टोकाला येते, जिथे फोटो कापला जातो किंवा फ्लेक्सची घडी पडते. ‘प्रवेशविदे’ म्हणजे प्रवेश आहे, ‘प्रवेशविल्ल’ म्हणजे प्रवेश नाही. ‘तरबेकु’ म्हणजे आणलंच पाहिजे, ‘तरबहुदु’ म्हणजे आणलं तरी चालेल, ‘तरबारदु’ म्हणजे आणायचं नाही. ‘बहुदु’ आणि ‘बारदु’ पुसट फोटोत एकसारखे भासतात. म्हणून अटींच्या प्रत्येक ओळीची शेवटची दोन अक्षरं फोटो मोठा करून स्वतः बघा. ती दिसत नसतील तर त्या ओळीचा अर्थ लावू नका, नवा फोटो मागवा.

नमुन्यातल्या चार अटींपैकी ५ वाजता बसण्याची अट वर झाली, आता उरलेल्या तीन घेऊ. ‘प्रवेश पत्र होंदिदवरिगे मात्र’ म्हणजे प्रवेशपत्र असलेल्यांनाच. वर मोफत लिहिलं आहे आणि खाली पास लागेल असं म्हटलं आहे. या दोन ओळींत विरोध नाही: पैसे नाहीत, पण पास हवा. पास कुठे मिळेल, कधीपर्यंत, एकाला किती, यातलं काहीही छापलेलं नाही. मोठ्या अक्षरातलं ‘प्रवेश उचित’ पाहून लोक थेट निघतात, म्हणून ही अट मी संदेशात सगळ्यात वर ठेवतो.

‘५ वर्षदोळगिन मक्कळिगे प्रवेशविल्ल’ म्हणजे ५ वर्षांच्या आतल्या मुलांना प्रवेश नाही. ज्याला नुकतंच पाचवं लागलं आहे, म्हणजे वय ४ पूर्ण आहे, त्याला ही मनाई लागू. ५ पूर्ण झालेल्याला ती लागू नाही, असा सरळ अर्थ निघतो. पण दारावर उभा असलेला कार्यकर्ता तो कसा लावेल हे सांगता येत नाही. आमच्या गटात अशा वयाचं मूल असेल तर मी विचारून घेतो, नसेल तर ओळ तशीच देतो.

‘परस्थळदवरिगे वसति व्यवस्थे इदे’ म्हणजे परगावाहून येणाऱ्यांसाठी राहण्याची व्यवस्था आहे. व्यवस्था आहे एवढंच. ती मोफत आहे असं कुठेही लिहिलेलं नाही, आणि वरचं ‘उचित’ हे ‘प्रवेश’ला जोडलेलं आहे, वसतीला नाही. रात्रभराच्या कार्यक्रमात ही व्यवस्था रात्रीची असेल की दुसऱ्या दिवशी विश्रांतीची, तेही स्पष्ट नाही.

चिठ्ठी

हे सगळं झालं की मी एक छोटी चिठ्ठी करतो. प्रत्येक ओळीत मूळ शब्द, अर्थ आणि तीनपैकी एक खूण: ‘छापलेलं’, ‘अनुमान’ किंवा ‘विचारा’. पोस्टरवर स्पष्ट दिसतं ते छापलेलं. ताडून काढलं ते अनुमान, आणि कशावरून काढलं तेही. दोन अर्थ निघतात किंवा माहितीच नाही ते विचारा.

तारीख: शनिवार २६ डिसेंबर २०२६ (अनुमान, ६ हा अंक पुसट, वारावरून नक्की केला)
संपण्याची वेळ: ‘बेळगिन जाव ४’, म्हणजे रविवार २७ ची पहाट (अनुमान, परतीचं तिकीट २७ चं)
सुरुवात: ५ पर्यंत बसणे, ५.३० उद्घाटन, ७ गाणं (छापलेलं)
स्थळ: समुदाय भवन, कॉलेजच्या आवारात, जुन्या बस स्टँडजवळ, धारवाड (छापलेलं, कॉलेजचं नाव नाही, विचारा)
प्रवेश: ‘उचित’, मोफत, पण ‘प्रवेश पत्र’ असलेल्यांनाच (छापलेलं, पास कुठे, विचारा)
मुलं: ५ वर्षांच्या आतल्यांना नाही (छापलेलं)
७ ला आलं तर चालेल का: विचारा
राहण्याचा खर्च: विचारा

‘अनुमान’ ही खूण लाजून गाळू नका. मी ती गाळत असे तेव्हा लोक माझं अनुमान छापील समजून पुढे पाठवायचे, आणि तीन गटांतून फिरून ते माझ्याकडेच बातमी म्हणून परत यायचं.

फोन

पोस्टरवर आयोजकांचा नंबर असतो. धारवाडकडे मराठी समजणारे बरेच भेटतात, तरी प्रश्न ‘हो-नाही’ने सुटेल असा विचारू नका. ‘पास लागतो का?’ याला गर्दीतून ‘हां हां’ असं उत्तर येतं आणि त्याचा काही अर्थ लागत नाही. ‘प्रवेश पत्र एल्लि सिगुत्तदे?’ म्हणजे प्रवेशपत्र कुठे मिळतं, असं विचारलं की उत्तरात ठिकाण येतंच, आणि पास लागत नसेल तर तेही कळतं. मुलांबद्दल विचारताना वय आकड्यात सांगा.

फोनवर सांगितलेली वेळ ऐकताना एक काळजी घ्या. ‘ऐदूवरे’ म्हणजे साडेपाच, ‘ऐदूकालु’ म्हणजे सवापाच, इथवर आपल्यासारखंच. पण पावणेसहाला मराठी सहाच्या बाजूने मोजते आणि कन्नड पाचच्या: ‘ऐदूमुक्कालु’, पाच आणि वर पाऊण. घाईत ‘ऐदु’ ऐकून ‘मुक्कालु’चं ‘पावणे’ केलं तर पावणेपाच होतं, म्हणजे एक तासाची चूक. ऐकलेली वेळ आकड्यात परत म्हणून दाखवा, ‘५.४५, बरोबर?’

फोन झाला की चिठ्ठीतल्या ‘विचारा’ खुणा बदला आणि पुढे ‘फोनवर कळलं’ असं लिहून त्या दिवसाची तारीख टाका. मूळ पोस्टरचा फोटो चिठ्ठीसोबतच पाठवा. आमच्या गटात आता कन्नड वाचणाऱ्या दोन बायका आहेत, आणि माझी एखादी ‘बारदु’ची ‘बहुदु’ झालेली ओळ त्यांनीच निघण्याआधी पकडून दिली आहे.